दुसऱ्या गटाची शेवटची ओळ

आमच्या किल्लीमास्तरांचा आवाज गोड आहे असं कुणी म्हणालं, तर खुशाल समजा की त्याला घाईत किल्ली करून हवी आहे. आवाज म्हणजे कानस. लोखंडावर कानस फिरवताना जो आवाज येतो ना, तोच, फक्त सुरात. पण सुरात म्हणजे अगदी सुरात, बरं का. एका केसाने इकडे नाही की तिकडे नाही. आयुष्यभर किल्लीचे दात घासलेला माणूस, त्याला केसाचा फरक कळणारच.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. आत एक माणूस, एक यंत्र आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक बाहेर उभं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कपाटाची किल्ली हरवली होती, आणि सवयीप्रमाणे माझं तोंड चालू होतं. मास्तर मान वर न करता म्हणाले, "मावशी, बोलता खालच्या पट्टीत, हसता वरच्या पट्टीत. शनिवारी पाच वाजता वाचनालयाच्या तळघरात या."

मी म्हटलं, "कशाला? कुलूप लावताय का मला?"

"गायला."

झाली त्याला चौदा वर्षं. आम्ही एकोणीस जण. सूर म्हणजे काय हे कुणालाही माहीत नाही, कागदावरची खूण वाचता येत नाही, आणि निम्म्यांना चष्मा सापडत नाही. बेकरीवाली आहे, तिचा आवाज भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो. निवृत्त पोस्टमन आहेत, त्यांना अजून टपाल वाटायचं असल्यासारखी घाई. बाकीचे त्या दोघांच्या आडोशाला गाणारे. या सगळ्यांना एका दोरीत ओवायचं म्हणून मास्तरांनी पहिल्या दिवसापासून एकच नियम घालून दिला होता: "मागे राहिलेल्यासाठी थांबा. पुढे कुणी जायचं नाही. सगळे एकत्र." चौदा वर्षं हेच. इतकं हाडात मुरलं की आम्ही रस्ता ओलांडतानासुद्धा एकमेकांसाठी थांबतो. गाड्या वाजवतात भोंगे.

हा नियम लक्षात ठेवा. सगळं त्याच्यावर येऊन अडलं.

मास्तरांना एक थोरली बहीण. लग्न त्यांनी केलं नाही. बायको, आई, सल्लागार, शिव्या देणारी, सगळं ही ताईच. अकरा महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि तिची वाचा गेली. तेव्हापासून ती शुश्रूषाकेंद्रात, आणि मास्तर रोज दुपारी दुकानाचं शटर ओढून तिच्याजवळ. ताई बघायची, पण कुणाकडे ते सांगता यायचं नाही. एकदा मात्र तिथली नर्स म्हणाली, "तुमच्या बहिणीचे केस धूत होते, तर गुणगुणल्या त्या." काय गुणगुणली विचारलं, तर नर्सने जे म्हणून दाखवलं ते ऐकून मास्तर भिंतीला टेकले.

ते म्हणजे पाठलाग, या भावंडांचं लहानपणीचं गाणं.

लहानपणी ही भावंडं पाचव्या मजल्यावर राहायची. जिन्यात दिवा नाही. नळ खाली, अंगणात. संध्याकाळी दोघं बादल्या घेऊन चढायची. ताई एक वळण पुढे, हा मागे, आणि अंधाराला घाबरून रडकुंडीला आलेला. मग तिने गाणं केलं. दोनच ओळी. ती पहिली ओळ म्हणत वळण चढायची: "मी पुढे चालले रे." ती दुसऱ्या ओळीवर गेली की याने मागून पहिली धरायची. याला तिचा आवाज पुढे ऐकू येतोय, तिला याचा मागे, म्हणजे कुणी हरवलेलं नाही. ताई वर पोचली की थांबायची. मग शेवटची ओळ याची एकट्याची. ती म्हणत तो शेवटचं वळण चढायचा आणि ताई दार धरून उभी असायची.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी मास्तरांना सांगितलं होतं, की बोलणं जातं तिथे कधीकधी गाणं शिल्लक राहतं. खात्री नाही. मास्तरांनी "खात्री नाही" हे शब्द ऐकलेच नसावेत. ते रोज तिच्या उशाशी पहिली ओळ म्हणायचे. पण एकटा माणूस पाठलाग करणार कुणाचा? पुढचा आवाज हवा, मागचा हवा. त्यांच्या मनाने घेतलं, की दोन्ही आवाज एकदम कानावर पडले तर ती आपल्या जागी येईल.

आणि शुक्रवारी भाचा येऊन उभा. ताईचा मुलगा, मोठ्या शहरात नोकरी. "मामा, सोमवारी आईला घेऊन जातोय. तिकडे सोय चांगली आहे." वाईट मुलगा नाही तो. मामाचा हात हातात घेऊन बोलला. विमानाने जायचं इतक्या लांब. मास्तरांचे गुडघे बघता तिकडे ते दोनदा जातील, फार तर तीनदा.

म्हणजे हातात होता एक शनिवार आणि एक रविवार.

शनिवारी आम्ही तळघरात जमलो तर मास्तरांनी दाढी केलेली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. जिना, बादल्या, नर्स, सोमवार. बेकरीवालीने नाक ओढलं. पोस्टमन म्हणाले, "दोन तास आहेत ना? पोचवू."

मास्तरांनी आम्हाला गाणं जसंच्या तसं दिलं. पहिली ओळ शांत, पायऱ्या चढल्यासारखी. दुसरी मात्र भरभर पळणारी: "वरती दिवा, वरती आई, वरती गरम पाणी, ये रे मागे." दोन गट केले, समोरासमोर उभे. पहिल्याने सुरू करायचं, तो दुसऱ्या ओळीवर गेला की दुसऱ्याने.

काय झालं म्हणून सांगू! पहिला गट "मी पुढे" म्हणाला आणि दुसऱ्याकडे बघत थांबला. दुसरा गट आला तो थेट पहिल्याला जाऊन मिळाला. सगळे एकत्र. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो सुद्धा, जमलं म्हणून!

"अहो, थांबायचं नाही!" मास्तर ओरडले.

पोस्टमन म्हणाले, "मास्तर, ते मागे राहिले होते."

"मागेच राहायचंय त्यांना!"

"म्हणजे आम्ही त्यांना सोडून जायचं?"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी दुसरा गट पहिल्याच्या पळत्या ओळीत घुसला, पहिला दुसऱ्याच्या, आणि बेकरीवाली दोघांच्या मधून एकटीच कुठेतरी निघून गेली. साडेपाच वाजून गेले होते. मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चहा घ्या सगळ्यांनी," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं."

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांच्या खिशात किल्ल्या ठेवायचं खाकी पाकीट होतं. त्याच्या पाठीवर ते पेन्सिलीने लिहायला लागले.

"चूक त्यांची नाही, मावशी. किल्ली मी चुकीची केली. कुलूप बघून किल्ली करतात."

"मग बघा कुलूप."

त्यांनी बघितलं. मला समजावतच लिहीत होते. पहिली ओळ आठ पावलांची: सा सा रे ग, रे रे सा, त्यातला शेवटचा सा दोन पावलं लांब. ती तशीच ठेवली. दुसरी ओळही आठच पावलांची हवी, कारण दोन्ही सारख्या लांबीच्या असल्या तरच पाठलाग गोल फिरतो. पण ती आधीसारखी पळता कामा नये, नाहीतर माणसं एकीवरून दुसरीवर घसरतात. "एक ओळ चालली तर दुसरीने उभं राहायचं," ते म्हणाले. म्हणून दुसरीत चारच लांब सूर. ग, प, प, ग. एकेक दोन पावलांचा. मग त्यांनी प्रत्येक पाऊल तपासलं, कानशीच्या आवाजात पुटपुटत: खाली सा तर वर ग, बसतो. रे आणि ग आहेत तिथे वर प, बसतो. पुन्हा रे, पुन्हा प. शेवटी सा आणि ग. शेजारशेजारचे दोन सूर एकदम कुठेही लागत नव्हते. लागले की भातात खडा आल्यासारखं होतं, आणि आमच्यासारखे लोक खडा लागला की खाणंच थांबवतात. सर्वांत वरचा सूर प, म्हणजे पोस्टमनच्या शिरा ताणायला नकोत. आणि दुसऱ्या गटाने अंदाजाने नाही, आठ पावलं मोजून पूर्ण झाल्यावरच यायचं.

"आणि चार सुरांवर शब्द कुठले?" मी विचारलं.

त्यांनी ती लांबलचक ओळ बघितली. दिवा, आई, गरम पाणी. पेन्सिल जरा थांबली. मग त्यांनी सगळ्यावर एक रेघ मारली आणि चार सूर भरतील एवढेच शेवटचे शब्द ठेवले.

ये. रे. मा. गे.

मी म्हटलं, "छान झालं. सुटसुटीत."

हो, मीच म्हटलं. जीभ हासडून द्यावी अशा वेळी.

चहानंतर मास्तर दुसरेच. कागद कुणाला दिलाच नाही. ते एक ओळ म्हणणार, आम्ही परत म्हणणार. जागच्या जागी पावलं टाकत. मोजणी तोंडाने नाही, पायाने. दोन्ही ओळी एकामागून एक, सगळ्यांनी मिळून, दहा वेळा, वीस वेळा, झोपेत म्हणाल इतक्या. "अजून दोन गट नाहीत," ते म्हणायचे, "अजून एकच." मग आम्ही एकोणीस जण गात असताना ते एकटे आठ पावलं मागून आले. आम्ही डगमगलो, पण एकोणीस विरुद्ध एक, पडलो नाही. मग त्यांच्याबरोबर बेकरीवाली. मग चार जण. मग निम्मे. एका गटात एक भक्कम आवाज हवाच, म्हणून बेकरीवाली दुसऱ्यात, पोस्टमन पहिल्यात.

आणि एकमेकांसाठी थांबायची खोड? तिच्यावर त्यांनी साधा उपाय काढला. दोन्ही गटांना पाठीला पाठ लावून उभं केलं. दिसलंच नाही तर थांबणार कुणासाठी? आम्ही दोघं आपापल्या गटात, एकाच टोकाला उभे; पहिल्या गटाने माझ्याकडे बघायचं, दुसऱ्याने त्यांच्याकडे.

"माझ्याकडे? मला काय येतंय, मास्तर?"

"तुम्हाला गप्प बसता येत नाही, म्हणजे तुम्ही सुरू नक्की कराल. तीन फेरे. तिसऱ्या फेऱ्याला मी तुमच्याकडे मान हलवेन. तुम्ही हात वर करा. तुमचा गट ती ओळ पुरी करून थांबेल. मग शेवटची ओळ आमची एकट्याची."

"आणि तुम्ही मान हलवली नाही तर?"

"तर फिरत बसा," ते हसून म्हणाले. दिवसातलं पहिलं हसू. "याला आपला आपण शेवट नसतो, मावशी. कुणीतरी थांबवावं लागतं."

सात वाजता तळघरात पाठलाग झाला. खराखुरा. पुढे आम्ही, मागे ते, आणि वीस लोकांची पावलं. आयुष्यभर एका ओळीत उभे राहिलेले आम्ही, पहिल्यांदा कळलं की आपल्यामागे कुणी असलं की कसं वाटतं. पोस्टमन पुटपुटले, "आयला!" त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत ऐकलेला हा एकच अपशब्द.

रविवारी चार वाजता शुश्रूषाकेंद्राच्या बैठकीच्या खोलीत गेलो. चाकाच्या खुर्च्या, औषधांचा आणि उकडलेल्या भाज्यांचा वास, भिंतीवर मोठ्ठं घड्याळ. ताई खिडकीशी. मांडीवर निळी शाल. तिच्या बोटांना तिचा एक चाळा होता, शालीचे धागे ओढण्याचा. भाचा मागे उभा, हातात कागदांची फाइल. आजूबाजूला आणखी सात-आठ म्हातारे, आपापल्या तंद्रीत.

मास्तर ताईसमोर वाकले. "ताई, तू पुढे," एवढंच म्हणाले.

मी सुरू केलं. आठ पावलं. मागून ते आले. आणि सांगते तुम्हाला, कालच्यापेक्षा छान झालं. फरशीवर पावलं वाजत होती, जिन्यावर वाजावीत तशी. माझ्या गटाचं तोंड ताईकडे होतं, म्हणून मला ती सगळी दिसत होती. पहिला फेरा. बोटं शालीवर चालू. दुसरा फेरा. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिसरा.

मी मान वळवून मास्तरांकडे बघितलं. मान हलली नाही.

चौथा फेरा. पाचवा. मास्तर मानेची शीर ताणून, खांद्यावरून ताईकडे बघत होते. तिचा अंगठा हलला की त्यांचा आवाज चढायचा. अहो, अंगठा आम्ही आलो तेव्हापासून हलत होता.

सहाव्या फेऱ्याला एक आवाज आला. बारीक, थरथरता, बाईचा. "मी पुढे चालले रे." अगदी जागेवर, अगदी सुरात. मास्तरांचा चेहरा मी बघितला. तसा चेहरा कुणाचा बघायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

कारण ती ताई नव्हती. शेजारच्या खुर्चीतली कुणी आजी होती. तिला ना जिना ठाऊक, ना बादल्या. पाच वेळा ऐकलं आणि आलं तिला. मास्तरांनी सोपंच इतकं केलं होतं, कुणालाही यावं असं. कुणालाही आलं.

आजी खुशीत गायला लागली, टाळी वाजवत. ताईने तिच्याकडेही बघितलं नाही.

सातवा. आठवा. पोस्टमनच्या कपाळावर घाम, गुडघे वाकायला लागलेले, पण थांबतील तर शपथ. खूण नाही ना! दारात नर्स घड्याळाकडे बघत उभी. बेकरीवाली रडत गात होती, आणि तिचं सूर सोडून जाणं त्या दिवशी एकदाही झालं नाही. भाच्याने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नववा. मास्तर माझ्याकडे बघेचनात. मला कळलं, हे बघणारच नाहीत. जोवर आम्ही पुढे आहोत तोवर ताई वळणापलीकडे आहे, अजून वर पोचायची आहे.

दहाव्या फेऱ्याला मी हात वर केला.

त्यांनी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने केला. माझा गट "ये रे मागे" पूर्ण करून थांबला, शिकवल्याप्रमाणे, एकदम. पाय थांबले. मागून दुसऱ्या गटाचे चार लांब सूर आले. बेकरीवाली दुसऱ्या सुराला हुंदक्याने गप्प झाली, बाकीचे तिच्यासाठी थांबले. सवय! उरली ती कानस. मा. गे. एकटी, सुरात, केसाचाही फरक नाही.

मग खोलीत फक्त त्या आजीची टाळी.

नर्सने दार उघडून धरलं. औषधांची वेळ झाली होती, आम्हाला निघायचं होतं.

परतताना बसमध्ये मास्तर माझ्या शेजारी बसले. पाचव्या थांब्याला ते म्हणाले, "दुसरी ओळ तिची होती, मावशी."

"म्हणजे?"

"दिवा, आई, गरम पाणी. पहिली ओळ मला धीर द्यायला होती. दुसरीत ती तिला स्वतःला वर काय हवंय ते सांगायची. नर्सपुढे गुणगुणली ती दुसरीच. आणि मी तीच कापली. तुम्हाला येईना म्हणून."

मी म्हणणार होते, की तसं नसतं हो, आली असती तर पहिलीवरही आली असती. म्हणणार होते, की मीच म्हटलं होतं सुटसुटीत. इतकी वर्षं हे तोंड चालवलं, पण त्या दिवशी त्यातून एक अक्षर निघालं नाही.

सोमवारी ताई गेली भाच्याकडे. मास्तर तिकडे एकदाच जाऊन आले. दुसऱ्यांदा जायचं ठरत होतं तेवढ्यात भाच्याचा फोन आला, की आता घाई करून उपयोग नाही.

परवाच्या शनिवारी पोस्टमन आपले भोळेपणाने म्हणाले, "मास्तर, ते पाठलागाचं घ्यायचं का? पाठ आहे अजून आम्हाला." बेकरीवालीने त्यांच्या पायावर पाय दिला, पण शब्द बाहेर पडले होते.

मास्तर कुणाकडे न बघता खुर्च्या सरळ करत राहिले. "नको," म्हणाले. "सगळे एकत्र घ्या."

आम्ही घेतलं. दुसऱ्याच ओळीला कुणीतरी मागे राहिलं, आणि आम्ही सगळे थांबलो. मास्तर नेहमी अशा वेळी मान डोलवतात, शाबास म्हणून. परवा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. आम्ही थांबलेलो, आणि पुढे कधी निघायचं ते सांगायला कुणी नाही.